विषय: शिफारसपत्राची विनंती – इन्व्हेंटरी कंट्रोल प्रमुख पदासाठी (२२ तारखेपर्यंत)

नमस्कार सर,

मी स्नेहल. २०१९ ते २०२२ या काळात सुट्या भागांच्या गोदामात तुमच्या हाताखाली होते, आधी स्टॉक असिस्टंट आणि शेवटचं दीड वर्ष इन्व्हेंटरी एक्झिक्युटिव्ह म्हणून. तुम्ही कंपनी सोडलीत तेव्हा फोन केला होता, त्यानंतर दिवाळी-पाडव्याच्या शुभेच्छांपलीकडे बोलणं झालं नाही. आता एकदम काम घेऊनच लिहिते आहे, त्यामुळे थोडं अवघडल्यासारखं झालंय. तरी थेट मुद्द्यावर येते.

शस्त्रक्रियेला लागणारं एकदा वापरून टाकायचं साहित्य रुग्णालयांना पुरवणाऱ्या एका कंपनीत मी इन्व्हेंटरी कंट्रोल प्रमुख या पदासाठी अर्ज केला आहे. दोन मुलाखती झाल्या. तिसऱ्या फेरीआधी त्यांना अशा व्यक्तीचं पत्र हवंय, जिने माझं रोजचं काम जवळून पाहिलंय. आत्ताच्या साहेबांना मी नोकरी बदलतेय हे अजून सांगितलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर सांगितलेलं असतं तरी मी तुम्हालाच विचारलं असतं. हे काम मी शिकले तुमच्याकडे, आणि चुकलेही तुमच्याच समोर.

पत्र एक पानाचं पुरे. ‘निवड समितीस’ असा मायना करून, पीडीएफ थेट त्यांच्या एचआरला मेल करायचं आहे. पत्ता वेगळ्या मेलमध्ये पाठवते, म्हणजे तुम्हाला फक्त फॉरवर्ड करावं लागेल. शेवटची तारीख २२. कंपनीचं लेटरहेड लागत नाही, मी विचारून घेतलंय. तुमचं तेव्हाचं पद, मी तुमच्याकडे किती काळ होते आणि खाली सही, एवढं असलं की झालं. पदनाम, तारखा, पगार यांसाठी एचआरचं अनुभवपत्र माझ्याकडे आहे, त्यामुळे त्यात तुमची जागा घालवू नका.

‘मेहनती, प्रामाणिक, संघभावनेने काम करणारी’ असं पत्र कुणीही कुणालाही देतं आणि वाचणाराही ते तसंच वाचतो. दुसऱ्या मुलाखतीत त्यांच्या ऑपरेशन्सच्या बाईंनी मला स्पष्टच सांगितलं की विशेषणं नकोत, प्रसंग हवेत. त्यांना तीन गोष्टी तपासायच्या आहेत: स्टॉकची अचूकता मी खरंच सुधारली का, चूक झाली की मी काय करते आणि माणसांना सोबत घेऊन काम करता येतं का. तिन्हींसाठी मला आपल्या गोदामातलं जे आठवतंय ते लिहिते. तुम्हाला वेगळं आठवत असेल तर तुमचंच ग्राह्य धरा.

पहिली गोष्ट सायकल काउंटची. मी आले तेव्हा वर्षातून एकदा, मार्चअखेरीला, दोन दिवस डिस्पॅच बंद ठेवून सगळं गोदाम मोजायचो. दुसऱ्या आठवड्यापासून सिस्टिम आणि रॅक पुन्हा एकमेकांना ओळखेनासे व्हायचे. २०२० च्या शेवटी तुम्ही मला सहा हजार आयटमची यादी दिलीत आणि म्हणालात, “सगळं सारखंच महत्त्वाचं असतं असं मानणारा माणूस काहीच मोजत नाही.” त्यावरून मी वार्षिक खपाच्या किमतीप्रमाणे ए, बी, सी असे गट पाडले. ए मधले साधारण ७०० आयटम दर महिन्याला, बी मधले १,५०० तिमाहीला आणि उरलेले वर्षातून एकदा. हिशेब केला तर रोज साठेक बिन होत होते, दोन माणसांना सकाळच्या दीड तासात उरकण्यासारखं काम. पहिल्या महिन्यात जुळणाऱ्या बिनचं प्रमाण ८१ टक्के निघालं. तो तक्ता तुमच्या टेबलावर ठेवताना माझे हात कापत होते, कारण आकडा वाईट आहे हे वर कळणार होतं. तुम्ही तो तसाच वर पाठवलात. चौदा महिन्यांनी आपण ९६ वर होतो.

पत्रात टक्क्यांपेक्षा ते कसे वाढले हे आलं तर जास्त उपयोग होईल. फरक सापडला की आकडा दुरुस्त करून मोकळं व्हायचं नाही, कारण लिहायचंच, हा तुमचा हट्ट होता आणि तो रजिस्टरमध्ये उतरवणं माझं काम होतं. त्या रजिस्टरमुळेच कळलं की निम्म्याहून जास्त गडबड चोरीची किंवा हरवण्याची नव्हतीच; माल उतरवून घेतल्यावर जीआरएन दुसऱ्या दिवशी व्हायचं आणि मधल्या वेळात माल रॅकवरून निघूनही जायचा. त्याच दिवशी जीआरएन हा नियम तिथून आला. (बारकोडचं श्रेय मात्र मला देऊ नका. ते आयटीवाल्या टीमचं काम होतं, मी फक्त बिनचे पत्ते नीट करून दिले. बायोडेटातही मी तेवढंच लिहिलंय.)

दुसरी गोष्ट तुम्हाला न सांगताही आठवेल. गॅस्केट.

आयटम मास्टरमध्ये एकक बदलताना मी ‘नग’च्या जागी ‘पेटी’ टाकलं. एका पेटीत २५ नग. ४० नगांची ऑर्डर ४० पेट्यांची होऊन गेली, म्हणजे हजार नग, आणि आपला महिन्याचा खप चाळीसच्या आतबाहेर. संध्याकाळी पुरवठादाराचा कन्फर्मेशन मेल वाचताना मला ते दिसलं. अजून कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. मी तुमच्या केबिनमध्ये येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, “आधी त्यांना फोन, मग मला मेल.” त्यांनी २८ पेट्या थांबवल्या, १२ आल्या. ते ३०० नग संपायला आठ महिने लागले आणि ते आठही महिने मी त्या रॅकजवळून जाताना दुसरीकडे बघायचे. त्याच आठवड्यात मी एकक बदलावर दुसऱ्या माणसाची तपासणी सक्तीची करण्याचा प्रस्ताव दिला आणि तुम्ही तो लागू केलात.

हा प्रसंग तुम्ही पत्रात लिहिलात तर मला आवडेल. मुलाखतीत मी तो स्वतःहून सांगितला आहे. नव्या ठिकाणी लॉट नंबर आणि मुदत यांवर सगळं चालतं, जे आधी संपणार ते आधी बाहेर. तिथे एकक किंवा लॉट चुकीचा पडला आणि कुणी तो झाकला, तर माल परत बोलावायची वेळ आल्यावर कुठल्या रुग्णालयात काय गेलं हेच कळणार नाही. चूक मी त्याच संध्याकाळी सांगितली की नाही, याला तुमच्याइतका दुसरा साक्षीदार नाही.

तिसरी गोष्ट रात्रपाळीची. २०२१ मध्ये नवीन सात मुलं आली आणि चुकीचा भाग पाठवल्याच्या तक्रारी वाढल्या. तुम्ही मला तीन आठवडे रात्रपाळीला बसवलंत. घरी फार बोलणी खाल्ली मी, पण तिथे बसल्यावरच दिसलं की मुलं निष्काळजी नव्हती. सारखे दिसणारे, फक्त एका आकड्याचा फरक असलेले भाग आपण कोड नंबरच्या क्रमाने शेजारी-शेजारी ठेवले होते. कागदावर शिस्त, रॅकवर सापळा. असे भाग आपण मुद्दाम लांब ठेवले आणि लेबलवर शेवटचे तीन अंक मोठे केले. रॅक हलवायला मामांचा ठाम विरोध होता, वीस वर्षं त्यांना प्रत्येक भाग डोळे मिटून सापडत होता. त्यांना पटवायला मला चार रात्री लागल्या आणि शेवटी कुठला भाग कुठे न्यायचा हे त्यांनीच ठरवलं. माणसांबद्दल काही लिहायचं असेल तर मामांचं लिहा.

पत्र मिळाल्यावर ते तुम्हाला पंधरा-वीस मिनिटांचा फोन करतील आणि त्यात माझ्यात काय कमी आहे हे नक्की विचारतील. खरं तेच सांगा, सर. मी कामं हातातून सोडत नसे. मोजणीचं वेळापत्रक माझ्या एक्सेलमध्ये, पासवर्ड माझ्या डोक्यात, आणि मी चार दिवस तापाने झोपले तेव्हा मोजणी बंद पडली. तुम्ही मला त्याबद्दल झापलंही होतंत. आता माझ्या हाताखाली तिघं आहेत, वेळापत्रक त्यांच्यातली एक चालवते आणि मी सुट्टीवर असताना फोन येत नाही. पण हे आत्ताचं तुम्ही पाहिलेलं नाही, तेव्हा तुम्ही जे पाहिलं तेवढंच बोललात तरी चालेल.

पत्राचा मसुदा मीच करून पाठवावा असं दोघा-तिघांनी सुचवलं. हल्ली तशी पद्धतच आहे म्हणे. पण माझी भाषा त्यांनी दोन मुलाखतींत ऐकली आहे, आणि तुमची तीन ओळींची मेल मी अजून ओळखते. तुमच्यासारखं लिहायला मला जमणार नाही. तुम्हाला वेळ नसेल तर वरच्यातला एकच प्रसंग घेऊन दहा ओळी लिहिल्यात तरी चालतील. तिन्हींत निवडायचं झालं तर गॅस्केट.

आणि हे लिहिणं तुम्हाला योग्य वाटत नसेल, किंवा सध्या कामाच्या गडबडीत शक्य नसेल, तर मोकळेपणी नाही म्हणा. कारण द्यायची गरज नाही. फक्त १२ तारखेपर्यंत कळवलंत तर मी दुसऱ्या कुणाला विचारू शकेन. होकार असेल तर १९ तारखेला मी एकदाच आठवण करेन, त्याहून जास्त मागे लागणार नाही.

सोबत माझा बायोडेटा आणि त्यांची पदाची माहिती जोडली आहे. २०२१ च्या मोजणीचा तक्ता माझ्याकडे नाही, कंपनीचा असल्यामुळे सोडताना मी काहीच घेतलं नाही, म्हणून वरचे आकडे आठवणीतले आहेत. एखादा खटकला तर पत्रात घालू नका.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
स्नेहल

ता. क. – फोनवर बोलणं सोपं पडत असेल तर संध्याकाळी सातनंतर कधीही करा. नंबर तोच आहे.