कॅड ड्राफ्ट्समन पदासाठी अर्ज

दि. 16 जून 2025
फुलेवाडी, कोल्हापूर

प्रति,
व्यवस्थापक, डिझाइन विभाग
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर

विषय : कॅड ड्राफ्ट्समन पदासाठी अर्ज, सोबत नमुना ड्रॉइंग

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

पंपाच्या कास्टिंग व मशीन केलेल्या भागांची ड्रॉइंग करण्यासाठी आपल्याला ड्राफ्ट्समन हवा असल्याची जाहिरात वाचली. मी यंदा मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदविका विशेष प्रावीण्यासह पूर्ण केली आहे. नोकरीचा अनुभव अजून नाही, म्हणून कामाचा अंदाज यावा यासाठी तीन ड्रॉइंग सोबत जोडली आहेत.

पहिले ड्रॉइंग बेअरिंग ब्रॅकेटचे आहे. कृपया हे आधी पाहावे. गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत औद्योगिक प्रशिक्षण घेत असताना पॅटर्नशॉपमध्ये एक गोष्ट पाहिली. ड्रॉइंगवर एक माप राहून गेले होते. पॅटर्नमेकर काकांनी कागदावरच पट्टी लावून ते काढले, पण प्रिंट ‘फिट टू पेपर’ करून काढलेली असल्याने माप चुकले आणि कोअरबॉक्स पुन्हा करावा लागला. ड्रॉइंग वाचणाऱ्याला उठून विचारायला यावे लागू नये, हे तेव्हापासून माझ्या मनात पक्के बसले आहे.

म्हणून या ब्रॅकेटच्या दोन स्वतंत्र शीट केल्या आहेत. कास्टिंगच्या शीटवर पार्टिंग लाइन, दीड अंशाचा ड्राफ्ट, कोअर प्रिंट आणि मशीनिंगसाठी ठेवलेले 3 मिमी मटेरियल दाखवले आहे. साहित्य एफजी 260. आकुंचनाची भर मापांत धरलेली नाही, कारण पॅटर्नमेकर ती आपल्या श्रिंकेज पट्टीने घेतो. दोन्हीकडे घेतली तर कास्टिंग मोठे येईल, म्हणून तशी टीप शीटवरच दिली आहे. मशीनिंगच्या शीटवर पायाचा मशीन केलेला तळ डेटम A धरला आहे. तिथून बोअरची मध्यरेषा 80 ±0.05 वर आहे आणि तळाशी तिची समांतरता 0.05 च्या आत मागितली आहे. बोअर 6206 बेअरिंगसाठी 62 H7, म्हणजे 62.000 ते 62.030. ऑपरेटरला तक्ता शोधावा लागू नये म्हणून हे आकडेही बाजूला लिहिले आहेत. सगळी दृश्ये फर्स्ट अँगलमध्ये आहेत.

दुसरे ड्रॉइंग त्याच ब्रॅकेटच्या ड्रिल जिगचे आहे. असेंब्ली, प्रत्येक भागाची वेगळी शीट आणि पार्ट लिस्ट असा पूर्ण संच आहे. बुश प्लेटमध्ये H7/p6 फिटने दाबून बसवले आहेत. तिसरे 1.6 मिमी पत्र्याच्या बेल्ट गार्डचे, फ्लॅट पॅटर्नसह. त्यातला K फॅक्टर 0.44 हा माझा अंदाज आहे. आपल्या प्रेस ब्रेकवर ट्रायल पीस वाकवून तो बदलावा लागेल.

ऑटोकॅडमध्ये 2डी काम मी सफाईने आणि वेगाने करते. लेयर, ब्लॉक, डायमेन्शन स्टाइल आणि टायटल ब्लॉकचे टेम्प्लेट स्वतः तयार केले आहे. फाइल देण्याआधी `AUDIT` आणि `PURGE` चालवते, रिव्हिजन फाइलच्या नावात आणि रिव्हिजन तक्त्यात दोन्हीकडे टाकते. उदाहरणार्थ ब्रॅकेटची फाइल `BRK-01_R1.dwg`. सॉलिडवर्क्समध्ये पार्ट, असेंब्ली, शीट मेटल आणि ड्रॉइंग करते, ग्राहकाकडून आलेली स्टेप फाइल उघडून त्यावरून 2डी काढू शकते. पार्ट लिस्ट आणि वजनाचा हिशेब एक्सेलमध्ये करते. क्रिओ आणि सीएनसी प्रोग्रामिंग मला येत नाही. आपल्याकडे क्रिओ वापरत असाल तर शिकायची तयारी आहे.

फुलेवाडीहून शिरोलीला रोज येणे मला अवघड नाही. लगेच रुजू होऊ शकते. पगाराबाबत आपल्या कंपनीत नव्या पदविकाधारकांसाठी जो नियम असेल तो मान्य आहे. सुरुवातीचे काही दिवस मशीनशॉपमध्ये उभे राहून पार्ट मोजायला मिळाले तर मला ते हवेच आहे.

मुलाखतीला बोलावल्यास आपल्या शॉपमधला कुठलाही एक पार्ट, व्हर्निअर आणि कागद माझ्यासमोर ठेवावा. मोजून हाताने स्केच आणि त्यावरून ऑटोकॅड ड्रॉइंग तिथेच करून दाखवेन. फोन क्रमांक व ई-मेल बायोडेटावर दिले आहेत.

आपली विश्वासू,
अंकिता सुतार

सोबत : बायोडेटा, पदविकेच्या गुणपत्रिकांच्या प्रती, प्रशिक्षणाचा दाखला, तिन्ही ड्रॉइंगच्या ए3 प्रिंट (ब्रॅकेट 1:1 मापात) आणि त्यांच्या डीडब्ल्यूजी व पीडीएफ फाइल असलेला पेनड्राइव्ह