डाळिंबातील तेल्या: थेट ऑनलाइन सत्र, निवेदकाची संहिता

(६.५५. पडद्यावर पहिली स्लाइड. सगळ्यांचे माइक बंद आहेत ना, पाहा.)

नमस्कार मंडळी! सोलापुरातून तुमचं स्वागत. आवाज येतोय का? येत असेल तर चॅटमध्ये तालुका आणि बहार लिहा, उदाहरणार्थ ‘सांगोला, मृग’.

(चार-पाच तालुके मोठ्याने वाचा. ‘आवाज नाही’ असं कुणी लिहिलं तर तोंडी सांगून उपयोग नाही, चॅटमध्येच लिहा: ‘बाहेर पडून परत या, Join Audio दाबा.’)

बरोबर ७ ला सुरू करू. ४० मिनिटं माहिती, मग २० मिनिटं प्रश्न. रेंज कमी असेल तर स्वतःचा व्हिडिओ बंद ठेवा. लाइट गेली तर त्याच लिंकवरून परत या. रेकॉर्डिंग उद्या ग्रुपवर येईल. तुमचं नाव त्यात दिसू शकतं, नको असेल तर आत्ताच बदलून घ्या.

(७.२०, चॅट:) पानावरचा डाग उजेडाकडे धरून बघा. कडेला तेलकट, पाणी शोषल्यासारखं वलय दिसतं का? हो किंवा नाही, एवढंच लिहा.

(७.४०) आता प्रश्न. बागेचं वय, शेवटची फवारणी आणि बोर्डोचं प्रमाण लिहा. एक टक्का म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. नुसतं ‘औषध सांगा’ लिहिलंत तर सरांनाही अंदाजच बांधावा लागेल.

(७.५८) वेळ संपत आली. राहिलेले प्रश्न चॅटमध्येच ठेवा, आम्ही उतरवून घेतोय. सरांचे आभार. राम राम!

(चॅट सेव्ह करा, मगच मीटिंग बंद.)