ऋतूला, निघायच्या आधी

ऋतू,

बोलायला बसलो की तुझी आई मधेच डब्यांचा विषय काढते आणि माझं राहूनच जातं, म्हणून टाईप करून पाठवतोय. विमानात वाच नाहीतर जर्मनीत आखेनला पोचल्यावर वाच, घाई नाही.

पहिलं पैशाचं, म्हणजे ते डोक्यातून जाईल. ब्लॉक्ड अकाउंटला 11,904 युरो भरलेत, त्यातले महिन्याला 992 तुझ्या हातात येणार. रूम, इन्शुरन्स, जेवण त्यात बसवायचं. बसतं, तिथं राहणारी पोरं बसवतातच. फक्त एक कर, प्रत्येक गोष्टीचे रुपये करत बसू नको. कॉफीला तीन युरो म्हणजे अडीचशेच्या वर असं रोज करायला लागलीस तर सहा महिन्यात वाळून जाशील. भाजीपाला आण, स्वतः कर, आणि महिन्यातून एकदा बाहेर खा, तेव्हा हिशोब करू नको. लोनचं व्याज मी दर महिन्याला भरतोय, हप्ता कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होणार, तोपर्यंत तो विषय माझा. पार्टटाईम काम कर जरूर, वर्षाला 140 पूर्ण दिवस चालतं म्हणे, पण ते तुझ्या हातखर्चाला आणि तिथली माणसं कळायला. घरी पैसे पाठवायचे म्हणून लेक्चर बुडवून काम केलंस तर मला आवडणार नाही, स्पष्ट सांगतो.

पोचल्यावर दोन आठवड्यात आनमेल्डुंग करायचं, पत्ता नोंदवायचा, त्याला घरमालकाचा सहीचा कागद लागतो, तो चावी घेतानाच माग. सगळं मेलवर असलं तरी दोन झेरॉक्स फाईलमध्ये ठेव. रविवारी दुकानं बंद असतात तर शनिवारीच दूध-ब्रेड आणून ठेव, नाहीतर पहिल्याच रविवारी आईच्या चकल्यांवर दिवस काढशील. काढशील म्हणा, पुरेशा आहेत.

बॅगेचं हसू येतंय अजून. कारखान्यात सुताच्या काट्यावर बॅग ठेवली आणि दिवाणजी चष्मा वर करून आकडा बघतायत, 25 किलो 400. मग तिथंच पोत्यावर बॅग उघडली. तुपाची बरणी काढली, दुधातुपाचे पदार्थ तिकडे न्यायला चालत नाहीत. मेतकूट राहिलं, कांदालसूण चटणी राहिली, आणि तू गुपचूप दोन ड्रेस काढून पुस्तकं ठेवलीस ते मी बघितलं. ड्रेस काढलेस ते बरं केलंस, तिथं थंडीचा कोट घ्यायचाच आहे, तो चांगला घे, स्वस्तातला नको. कापड हाताला लावून बघ, तुला काय सांगायचं त्यातलं.

आपल्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली आला, आणि अजून निम्मी गल्ली तेच जुने माग ठोकून ठोकून चालवते. तू टेक्सटाईल शिकतेस म्हणून परत येऊन आपला कारखाना सुधारायचा असं मी कुठंही धरलेलं नाही. यावंसं वाटलं तर ये, जागा आहे. नाही वाटलं तर तिकडे काम कर, नाहीतर पुण्यात, नाहीतर आणि कुठं. हे मी आत्ता मोकळ्या मनाने लिहितोय, पुढे कधी मी वेगळं बोललो तर हा मेसेज मला परत पाठव.

लग्नाचं आत्या विचारणार, दर दिवाळीला विचारणार. ती मी बघतो. तू फोनवर फक्त "पप्पांना विचारा" म्हण आणि तब्येतीची चौकशी कर, तिला तेवढं पुरतं.

मार्कांचं उलटं आहे तिकडे, 1.0 सगळ्यात भारी आणि 4.0 ला पास. पहिल्या सेमला 3 च्या आसपास आलं तरी मला फोन करून रडायचं नाही, म्हणजे रडायचं असेल तर रड, पण मी घाबरणार नाही एवढं धरून चाल. जर्मन मात्र सोडू नको. वर्गात इंग्लिश चालेल पण दवाखान्यात, ऑफिसात, शेजारणीशी तीच लागणार. आपली मराठी पोरं भेटतील, गणपतीला जा त्यांच्यात, पण रोज त्याच चार जणात बसून वरणभात खायचा तर मग इचलकरंजी काय वाईट होती.

डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, पाऊस पण बराच असतो म्हणे. त्या दिवसात दुपारी उजेड असताना बाहेर पडून चालून येत जा, रूमवर पडून राहू नको.

फोन रविवारी कर, तुझ्या सोयीने. आत्ता साडेतीन तासाचा फरक आहे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार होतो, आईला मी समजावलंय पण ती विसरणार. मधल्या दिवसात मेसेज नाही आला तर आम्ही समजतो की तू कामात आहेस. काही अडलं तर वेळ न बघता लाव, मी रात्रपाळीला उठतोच.

गाडीवाल्याला सकाळी सहाला सांगितलंय, वाशीला ट्रॅफिक लागतो म्हणून. पासपोर्ट, अॅडमिशन लेटर आणि शंभर युरो सुटे हॅन्डबॅगेतच ठेव, मोठ्या बॅगेत नको.

पप्पा