पूरस्थिती : शीघ्र नुकसान व गरजा पाहणी अहवाल – प्रयाग चिखली व आंबेवाडी, ता. करवीर

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, कोल्हापूर

पाहणी : 29 जुलै, सकाळी 8 ते सायंकाळी 5. पथकात महसूल, पंचायत समिती, आरोग्य, पशुसंवर्धन, कृषी व महावितरणचे प्रतिनिधी. घरे व डीपी प्रत्यक्ष मोजल्या. पिकांचे क्षेत्र नजरअंदाजाने आहे.

सद्यस्थिती
राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फुटांच्या धोका पातळीखाली आली असून सकाळी 41 फूट 2 इंच पाणी होते. इशारा पातळी 39 फूट. सखल गल्ल्यांत अजून गुडघाभर पाणी आहे. परतलेले लोक 3,200. सोनतळी येथे 1,150 लोक व 640 मोठी जनावरे.

तातडीची गरज : पाणी
धान्याचे किट पुरेसे आले आहेत, आणखी पाठवू नयेत. जॅकवेलच्या दोन्ही मोटारी बुडाल्या. धुऊन, वाळवून, गरजेप्रमाणे वाइंडिंग करायला किमान पाच दिवस लागतील. तोवर पर्यायी मोटार द्यावी. परतलेल्यांना माणशी 15 लिटरप्रमाणे रोज 48,000 लिटर, म्हणजे 12,000 लिटरच्या टँकरच्या चार खेपा लागतील. सोनतळीला दोन खेपा.

विहिरी उपसून, गाळ काढून, भरल्यावर 1,000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल टाकावे. तासाभराने ओटी चाचणीत 0.5 पीपीएम क्लोरीन न दिसल्यास पुन्हा मात्रा द्यावी. आंबेवाडीत टीसीएलची दोन पोती तोंड उघडी, दमट आढळली. अशा पावडरीतला क्लोरीन उडून जातो, मात्रा बरोबर असूनही पाणी शुद्ध होत नाही. नवी सीलबंद पोती द्यावीत.

घरे
पूर्ण पडझड 38, अंशतः 164. आकडा वाढेल. मातीच्या भिंती पाण्यात असताना उभ्या राहतात. पाणी ओसरल्यावर बाहेरचा दाब जातो, भिजलेला पाया खचतो आणि भिंत दोन-चार दिवसांनी बसते. चिखलीत एका घराला चौकटीपासून आढ्यापर्यंत बोटभर भेग आहे आणि आत संसार मांडलेला आहे. अशी 27 घरे आजच रिकामी करावीत. पंचनाम्याची दुसरी फेरी 5 ऑगस्टला घ्यावी, नाहीतर उशिरा पडलेली घरे मदतीतून सुटतील.

वीज
11 पैकी 7 डीपी बुडाल्या. तेलातील ओलावा व मेगर तपासणीशिवाय पुरवठा सुरू करू नये. भिजलेल्या मीटरबोर्डांच्या घरांची जोडणी आधी खांबावरून तोडावी. लोकांचा आग्रह मोठा आहे, तरी घाई नको.

जनावरे व पिके
रोज जनावरामागे 15 किलो हिरवा चारा, एकूण 9.6 टन, कडबा भिजून कुजला आहे. मृत 9 जनावरे विहिरींपासून दूर खोल खड्ड्यात, चुना टाकून पुरावीत.
ऊस सुमारे 410 हेक्टर बाधित. शेंडा बुडालेल्या उसात पोंग्यात गाळ बसून कूज होते, पण ती आठवड्याने दिसते. आज हिरवा दिसणारा फड 'नुकसान नाही' असा नोंदवू नये. सोयाबीन, भुईमूग गेल्यात जमा.

आरोग्य
चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोचा धोका आहे. गमबूट 200 जोड व डॉक्सीसायक्लिन वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने द्यावे.

पुढील अहवाल 31 जुलै, सायंकाळी 6.

पथकप्रमुख, संयुक्त पाहणी पथक, करवीर