आधी डोळे, मग हात

मुलांनो, पट मांडलेले राहू द्या, फक्त घड्याळं थांबवा. थोडं बोलतो आणि मग तुम्हाला खेळायला सोडतो.

गेल्या शनिवारी मी तुमच्या मागे उभा राहून बारा डाव पाहिले. त्यांतले नऊ डाव एकेका चालीत गेले. समोरचा फार भारी खेळला असं नाही. कुणी उंट फुकट दिला, कुणी वजीर, कुणाला समोर दिसत असलेली मात दिसली नाही. प्रत्येक वेळी हात आधी गेला आणि "अरेरे" नंतर आलं. ते "अरेरे" चाल खेळायच्या आधी मनात यायला हवं.

आता पटावर हे मांडा. पांढऱ्याचं राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे, काळ्याचंही तसंच. आता पांढरा वजीर थेट एच५ वर. तुम्ही काळे आहात. पहिला प्रश्न कायम एकच: त्याने ही चाल का खेळली? वजीर ई५च्या प्याद्यावर नजर ठेवून आहे, आणि एफ७च्या प्याद्यावरही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना लगेच जी६ खेळून वजिराला हुसकावावंसं वाटतं. चाल सुचली, छान. पण ती एक उमेदवार आहे, अजून निवडून आलेली नाही! तिच्यासमोर आणखी एक-दोन उमेदवार उभे करा. घोडा सी६ वर? प्यादं डी६ वर? आता एकेक तपासा. जी६ खेळलात तर वजीर ई५चं प्यादं खाऊन शह देतो आणि त्याच वेळी कोपऱ्यातल्या हत्तीवरही बसतो. राजा वाचवाल, पण हत्ती गेला. घोडा सी६ खेळलात तर प्याद्याला जोर मिळतो आणि एक मोहराही बाहेर येतो.

तोच खेळूया. पांढरा उंट सी४ वर आणतो. पुन्हा तोच प्रश्न, का? आता एफ७वर वजीर आणि उंट दोघांचा जोर आहे, पुढच्या चालीत मात. इथे शनिवारी तिघांनी घोडा एफ६ वर काढला. वजिरावर हल्ला केल्याच्या आनंदात स्वतःच्या राजाकडे बघायचं राहिलं. इथे बरोबर चाल कोणती? जी६! मघाशी जिने हत्ती घालवला असता तीच चाल, कारण आता ई५ला जोर आहे. म्हणून "ही चाल चांगली" असं पाठ करून भागत नाही. प्रत्येक वेळी पट नव्याने बघावा लागतो. जी६ नंतर वजीर एफ३ वर गेला तर? पुन्हा एफ७वर मातच. आता मात्र घोडा एफ६ वर काढा.

सगळ्यात जास्त विसरलं जातं ते शेवटचं तपासणं. चाल ठरली की मोहरा मनातच नव्या घरात ठेवा आणि समोरच्याच्या बाजूने पट बघा. तो कुठे शह देऊ शकतो? काय मारू शकतो? आणि उचललेला मोहरा आधी कशाला जोर देत होता? हे मोठ्यांकडूनही सुटतं. १९५६ साली ॲमस्टरडॅमच्या स्पर्धेत टिग्रान पेट्रोस्यान यांनी डेव्हिड ब्रॉनस्टाइन यांना पार जखडून टाकलं होतं. ब्रॉनस्टाइन बराच वेळ घोडा नुसता पुढे-मागे करत होते. मग त्या घोड्याने वजिरावर हल्ला केला, तो पेट्रोस्यान यांच्या लक्षात आला नाही, त्यांनी दुसरीच चाल खेळली आणि वजीर गेला. जिंकत आलेला डाव त्यांना सोडावा लागला. हेच पेट्रोस्यान १९६३ मध्ये जगज्जेते झाले, आणि बचावासाठी ते आजही ओळखले जातात. तेव्हा डाव चांगला चालला असेल तर दुप्पट सावध राहा. घाई तेव्हाच होते.

"सर, वेळ पुरत नाही" असं काही जण म्हणतात. आंतरशालेय स्पर्धेत प्रत्येकाला २५ मिनिटं आहेत, शिवाय दर चालीला १० सेकंद वाढतात. डाव चाळीस चालींचा धरला तर एका चालीला सरासरी ४५ सेकंदांहून जास्त मिळतात. साध्या चालीला पंधरा पुरतात, उरलेले अवघड जागी वापरा. समोरचा झटपट खेळतोय म्हणून तुम्ही झटपट खेळायचं नाही.

दोन नियम लक्षात ठेवा. हात लावलेला मोहरा खेळता येत असेल तर खेळावाच लागतो. आणि चाल आधी लिहून मग खेळायची नाही, खेळल्यावर लिहायची. म्हणजे तपासणं सगळं मनातच. तोवर हात मांडीखाली.

मोहरा गेलाच तर? पाणी प्या आणि पहिल्या प्रश्नापासून पुन्हा सुरू करा. मागच्या चालीवर रडत खेळलेली पुढची चाल बहुधा त्याहून वाईट असते.

आता पट पुन्हा मांडा. आजच्या डावात पहिल्या पंधरा चालींपर्यंत प्रत्येक चालीआधी समोरच्याची धमकी हळूच पुटपुटायची, जोडीदाराला ऐकू गेली तरी चालेल. घड्याळं सुरू करा.