घरखर्च आणि बाबांच्या ऑपरेशनचं कर्ज : नोव्हेंबर 2025 पासून

(स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवायचं. पाहुण्यांना दिसायला नको.)

देणं किती?
बँक : 2,00,000, व्याज 14 टक्के, 36 हप्ते, दर महिना 6,836
सोनं ठेवून : 60,000, व्याज महिना 1 टक्का, मुदत एक वर्ष
वर्ध्याचा दादा : 50,000, बिनव्याजी
एकूण 3,10,000

येणं
यांचा पगार हातात : 32,500
बाबांचं पेन्शन : 2,500
माझी ब्लाउज शिलाई : 5,000
एकूण 40,000

शिलाई मुद्दाम कमी धरली आहे. लग्नसराईत आठ-नऊ हजार होतात, पण पितृपक्षात मशीन नुसती बसून असते. वरचे पैसे आले की ते डब्यात, साडीत नाही.

जाणं
किराणा, तेल : 6,500
दूध, रोज एक लिटर : 1,800
भाजी : 2,000
गॅस : 900
वीज : 1,500
पाणी : 250
पिंकीची फी आणि ऑटो : 3,400
यांचं बुटीबोरीला जाणं-येणं : 1,600
बाबांची औषधं, तपासणी : 2,500
मोबाईल : 650
वरखर्च, अहेर, साबण-सोडा : 1,900
एकूण 23,000

भाजी सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातूनच, आणि संध्याकाळी उशिरा. कोपऱ्यावरच्या ठेल्यावर फक्त कोथिंबीर. यांनी गाडी सोडून कंपनीची बस धरली, म्हणून पेट्रोलचे अडीच हजार वाचले. पहाटे साडेपाचला उठावं लागतं, त्याची कुरकुर मी ऐकून घेईन. रविवारचे तर्री-पोहे बंद केलेले नाहीत. महिन्यातून दोनदा, वरखर्चातून. सगळंच बंद केलं तर तिसऱ्या महिन्यात हा कागद कोणी वाचणार नाही.

औषधांना आधी 3,600 लागत. डॉक्टरांना विचारून बऱ्याच गोळ्या जनऔषधी केंद्रातून आणतो. गोळीतलं औषध तेच, नाव वेगळं. रक्त पातळ करायची गोळी मात्र एक दिवसही चुकवायची नाही, मग महिन्याला पैसे कमी पडोत. आईंनी "आज बरं वाटतंय ना" म्हणून ती वाचवायची नाही.

उरले 17,000. ते असे जातील :
बँकेचा हप्ता : 6,836
सोन्याचं : 6,000
दादा : 2,000
डबा : 2,164

बँकेचा हप्ता 5 तारखेला कापला जातो. पगार 1 तारखेला येतो, त्या दिवशी खात्यात 6,900 ठेवूनच बाकीचे काढायचे. हप्ता परत गेला तर दंड लागतो आणि पुढचं कर्ज मागायला तोंड राहत नाही.

हे म्हणाले, बँकेचं व्याज जास्त आहे, आधी तेच फेडू. आकड्यांनी बरोबर आहे. पण सोन्याची मुदत वर्षाची आहे आणि चुकलो तर पाटल्या लिलावात जातील. त्या आईंच्या आहेत. म्हणून सोनं आधी. दर महिना 6,000 भरले तर पहिल्या महिन्यात 600 व्याज आणि 5,400 मुद्दल. पुढे व्याज कमी होत जातं. सप्टेंबर 2026 मध्ये अकरावा हप्ता साडेतीन हजारांच्या आसपास येईल आणि नवरात्रात पाटल्या घरात असतील. दर वेळी पावती घ्यायची आणि मुद्दल किती राहिलं ते त्यावर लिहून घ्यायचं.

दादा म्हणतो घाई नाही. तो म्हणेलच, पण त्याच्याही मुलाची फी आहे. सप्टेंबरपर्यंत त्याचे 22,000 जातील. ऑक्टोबरपासून सोन्याचे 6,000 त्याच्याकडे वळवायचे, म्हणजे महिना 8,000. जानेवारी 2027 ला शेवटचे 4,000.

फेब्रुवारी 2027 पासून ते 8,000 बँकेत जादा. तेव्हा बँकेचं सव्वा लाखाच्या वर शिल्लक असेल. जादा भरण्यावर शुल्क आहे का, आधी शाखेत विचारायचं. शुल्क नसेल तर 2028 च्या ऑक्टोबरऐवजी 2027 च्या नोव्हेंबरात सुटका.

डब्याला हात लावायचा तो फक्त तीन गोष्टींसाठी : बाबांची तब्येत, पिंकीची शाळा, उन्हाळ्यातलं वीजबिल. एप्रिल-मे मध्ये कूलर दिवसरात्र चालतो, बिल तीन हजारांवर जातं. त्या दोन महिन्यांत जास्तीचे डब्यातून काढायचे, हप्ता कमी करायचा नाही. पोळ्याला नवीन कपडे फक्त पिंकीला.

बाबा 71 वर्षांचे आहेत. सत्तरीच्या वरच्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार मिळतो, उत्पन्न कितीही असो. हे आधी केलं असतं तर हा कागदच लागला नसता. या शनिवारी आधार कार्ड घेऊन बाबांना सोबत नेऊन यांनी ते काढायचं. डबा 30 तारखेला रात्री मोजू, तिघांनी मिळून.