काका, सुमी आणि पाच बोटं

सम्यक,

पंचशील तुला पाठ नाही असं मुळीच नाही. रोज संध्याकाळी आईच्या मागून म्हणतोसच की. घोळ एवढाच की तुला ते चालीत येतं. काल 'चौथं शील कोणतं?' विचारलं तर ओठातल्या ओठात पार पाणातिपातापासून सुरुवात केलीस. रविवारच्या पेपरात मधलंच विचारतील, जोड्याही लावायला देतील. म्हणून मधूनच शिरता येईल अशा खुणा लिहून देतेय.

पंचशील बोटांवर. मोजायला करंगळीपासून लाग.

करंगळी इवलीशी. तेवढा इवला जीवसुद्धा मारायचा नाही: पाणातिपाता.
अनामिका अंगठीचं बोट. अंगठी कुणी दिली तरच घालायची: अदिन्नादाना. दोन्हींत अ. उत्तरात नुसतं 'चोरी' लिहू नकोस, शब्दाचा अर्थ 'न दिलेलं घेणं' असा आहे.
मध्यमा सगळ्यांच्या वर जाते, मर्यादा ओलांडते: कामेसु मिच्छाचारा.
तर्जनी म्हणजे 'मी नाही, यानेच केलं!' असं दाखवायचं बोट: मुसावादा.
अंगठा तोंडाकडे नेला की काय समजायचं, ते आपल्या गल्लीत शेंबड्या पोरालाही कळतं: सुरामेरयमज्जपमादट्ठाना. एवढा लांब शब्द तोडून लिही. सुरा, मेरय, मज्ज ही मादक पेयं. पमाद म्हणजे गाफीलपणा. ठान म्हणजे त्याचं कारण.

आता चौथं विचारलं की तर्जनी हलव, झालं. बोटं विसरलास तर हे वाक्य:

पाणी अजून का मुरतंय, सुमे?

पा, अ, का, मु, सु. पाणी कुठे मुरतंय ते सुमीला विचार, मला नको.

अष्टांग मार्गात तर तुझी चैनच आहे. आठही अंगांच्या आधी तुझंच नाव! लक्षात ठेवायचा तो पुढचा शब्द. त्यासाठी:

दिसलं संकट, वाचाळ काका आमचे वाड्यातून सरळ सटकले.

दिट्ठि, संकप्प, वाचा, कम्मन्त, आजीव, वायाम, सति, समाधि. मराठीत लिहायचं तर दृष्टी, संकल्प, वाचा, कर्मान्त, आजीविका, व्यायाम, स्मृती, समाधी. दोन 'वा'ची गल्लत करू नकोस: वाचाळमध्ये वाचा आहेच, आणि जुन्या वाड्यात तालीम असायची, म्हणून व्यायाम. दोन 'स'मध्ये आखूड शब्द आधी. सरळ आखूड, सटकले लांब. तसंच सति आखूड, समाधि लांब.

व्यायाम म्हटलं की जोर-बैठका नव्हेत. मी माझ्या वेळी चक्क 'शरीर निरोगी ठेवणे' लिहून आले होते आणि दोन मार्क घालवले. हा मनाचा प्रयत्न, चार तऱ्हेचा: न आलेलं अकुशल येऊ न देणं, आलेलं घालवणं, न आलेलं कुशल आणणं, आलेलं टिकवणं. मी 'नको-जा-ये-राहा' असं घोकलं होतं. दारात उभं राहून पाहुण्यांना बोलतोय असं समज.

आठांचे तीन गट पडतात. 'डोक्यात दोन, वागण्यात तीन, ध्यानात तीन.' प्रज्ञेत पहिली दोन, शीलात मधली तीन, समाधीत शेवटची तीन. गटांची नावं मात्र बहुतेक ठिकाणी शील, समाधी, प्रज्ञा अशा क्रमाने येतात. मार्ग प्रज्ञेपासून सुरू होतो आणि यादी शीलापासून, तिथे पोरं हमखास फसतात.

पाच गुणांचा प्रश्न यायचा तर 'पंचशील आणि अष्टांग मार्गाचा संबंध' हाच येईल. पुन्हा काकांकडे बघ. 'काका' म्हणजे कम्मन्त, त्यात पहिली तीन शीलं: हिंसा, न दिलेलं घेणं, मिथ्याचार यांपासून दूर राहणं. 'वाचाळ'मध्ये चौथं. पण सम्यक वाचा मुसावादापाशी थांबत नाही. चहाडी, कठोर बोलणं आणि वायफळ बडबडही टाळायची असते. काका तिथेच नापास. पाचवं शील आठांपैकी एकातही थेट बसत नाही. गाफीलपणा स्मृतीच्या उलट, एवढं धरून सतीशी जोड आणि 'थेट नाही' असं स्पष्ट लिही.

आजीविकेत उपासकाने न करायचे पाच व्यापार येतात. निवडणुकीच्या दिवसांत सुचलेलं वाक्य:

सत्य सांगा मंडळी, मत विकलं?

सत्थ, सत्त, मंस, मज्ज, विस. शस्त्रं, जिवंत प्राणी (माणसंही त्यात आली), मांस, मद्य, विष.

धम्मचक्र काढायला सांगितलं तर आरे आठ. झेंड्यावरच्या अशोकचक्राला चोवीस असतात, ते काढत बसू नकोस, वेळही जाईल. आणि 1954 च्या भारत-चीन करारातलं पंचशील वेगळं, ते इतिहासाच्या पेपरात.

शनिवारी रात्री फोन करते, उलट्या क्रमाने विचारीन. वाक्य मोठ्याने पाठ करत असशील तर काका घरात नाहीत ना ते आधी बघ.

ताई